शेंगेचा भाव, दाण्याचा भाव : वाटाणा, मका आणि घेवड्याच्या वजनाचा हिशेब



पूर्वहंगामी उसात वाटाण्याचे किंवा श्रावण घेवड्याचे आंतरपीक घेणारे आपले सभासद पुष्कळ आहेत. सरीच्या बगलेला टोकलेला वाटाणा साठ-पासष्ट दिवसांत तोडणीला येतो, मोठ्या बांधणीच्या आत रान मोकळे होते आणि लागणीच्या खर्चाला हातभार लागतो. हे पीक कसे घ्यावे ते आम्ही गटागटांच्या बैठकीत सांगत असतो. पण ते विकावे कसे, म्हणजे कशाच्या वजनावर विकावे, हे आजवर नीट सांगितलेले नाही. गेल्या हंगामात एका सभासदाच्या बांधावर ही चूक आमच्या ध्यानात आली. म्हणून आजचा धडा वजनाचा.

घडले ते असे. जानेवारीत आम्ही उसाची पाहणी करायला गेलो होतो. आबांच्या रानात वाटाण्याची पहिली मोठी तोड चालली होती. अंदाजे सहा क्विंटल शेंग निघेल अशी स्थिती. आबा खुशीत होते. म्हणाले, "साहेब, या बारीला मार्केटला जायचंच नाही. तिथं शेंगेला २८ रुपये. आणि हा गोठवलेल्या मटारचा व्यापारी सोललेल्या दाण्याला ८० रुपये देतोय, बांधावरनं उचलून. तिप्पट भाव झाला की हो!"

आम्ही विचारले, "आबा, एक किलो शेंगेत दाणा किती निघतो?"

"निघत असंल की निम्मा तरी."

सगळे घोटाळे या 'निम्मा तरी' मध्ये आहेत. उसाचा उतारा किती पडला हे विचारल्यावर आपण 'पडला असेल पंधरा-वीस टक्के' असे सांगत नाही, दशांशापर्यंत सांगतो. शेंगेलाही उतारा असतो, आणि तो मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. काटा, दोन पाट्या आणि तासभर वेळ एवढे पुरते.

आम्ही तिथेच बसलो. भरलेल्या गोण्यांपैकी पाच गोण्या निवडल्या आणि प्रत्येकीतून दोन-दोन किलो शेंग काढली, थोडी वरची, थोडी मधली, थोडी तळाची. वरच्या शेंगा दिसायला नेहमीच चांगल्या असतात, म्हणून नुसत्या वरच्या घेऊन चालत नाही. असे दहा किलो झाले. आबांच्या सूनबाई आणि शेजारच्या वहिनी सोलायला बसल्या. दोघींना दीड तास लागला. दाणे वजनाला घातले तर ३ किलो ९०० ग्रॅम भरले. त्यातून पिवळे पडलेले, अळीने खाल्लेले आणि चपटे राहिलेले दाणे बाजूला काढले, ते ३०० ग्रॅम निघाले. व्यापारी हे घेणार नव्हता. राहिला ३ किलो ६०० ग्रॅम चांगला दाणा. म्हणजे उतारा ३६ टक्के.

आता हिशेब बघा. ८० रुपयांचा दाणा शेंगेच्या भाषेत किती पडला? ८० ला ०.३६ ने गुणा. उत्तर येते २८ रुपये ८० पैसे. म्हणजे जो भाव तिप्पट वाटत होता तो प्रत्यक्षात शेंगेच्या भावाइतकाच होता, फार तर ८० पैसे वर. आणि अजून सोलणावळ धरलेली नाही.

सोलणावळ धरू. दहा किलोला दोन बायांचे दीड-दीड तास, म्हणजे तीन तास. तासाला ४० रुपये मजुरी धरली तर दहा किलोला १२० रुपये, म्हणजे शेंगेच्या किलोमागे १२ रुपये. २८.८० मधून १२ गेले, हाती राहिले १६ रुपये ८० पैसे. मार्केटला शेंग नेली असती तर गाडीभाडे, हमाली, तोलाई मिळून किलोला ३ रुपये गेले असते आणि हाती २५ राहिले असते. फरक किलोला ८ रुपये २० पैशांचा. सहा क्विंटलला ४,९२० रुपये. तिप्पट भाव घ्यायला निघालेले आबा एका तोडीत पाच हजाराला बुडत होते, आणि ते कळलेही नसते, कारण हातात नोटा तर आल्याच असत्या.

"घरच्याच बाया सोलतील, त्यांना कुठं मजुरी द्यायचीय?" असे आबा म्हणाले. हे आम्ही नेहमी ऐकतो. पण सहा क्विंटल सोलायला याच हिशेबाने १८० तास लागतात. आठ तासांचा दिवस धरला तर बावीस-तेवीस बायांचे एका दिवसाचे काम. आणि ते त्याच दिवशी उरकले पाहिजे, कारण सोललेला दाणा गोणीत ठेवला की तापतो, घामेजतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येतो. घरच्या दोघी हे करू शकत नाहीत. आणि केले तरी त्यांच्या कष्टाची किंमत शून्य कशी?

मग दाण्याला किती भाव मिळाला तर तो सौदा बरा? तोही हिशेब सोपा आहे. शेंग विकून हाती येणारे २५ रुपये आणि सोलणावळीचे १२, बेरीज ३७. याला ०.३६ ने भागा. उत्तर १०२ रुपये ७८ पैसे. म्हणजे १०३ रुपयांच्या खाली दाण्याचा सौदा आबांना परवडत नव्हता. त्यांनी व्यापाऱ्याला तसे सांगितले. तो एवढा भाव द्यायला तयार झाला नाही. शेंग मार्केटलाच गेली.

यात व्यापाऱ्याने फसवले असे म्हणायचे कारण नाही. त्याने दाण्याचा भाव दाण्याचाच म्हणून सांगितला होता. चूक आपली, की आपण दोन निरनिराळ्या वस्तूंचे भाव शेजारी शेजारी ठेवले. बरेच मोठे कारखाने यंत्राने सोलतात, म्हणून ते शेंगच विकत घेतात. तिथे प्रश्न वेगळा. ते शेंगेचा नमुना सोलून उतारा आणि दाण्याचा कोवळेपणा बघतात आणि त्यावर भाव ठरवतात. अशा वेळी आपण आपला नमुना आधी सोलून गेलो असू तर बोलायला जोर येतो.

उतारा कशाने कमीजास्त होतो?

अमेरिकेच्या शेती खात्याच्या अन्नघटकांच्या तक्त्यात हिरव्या वाटाण्याच्या शेंगेत ३८ टक्के दाणा आणि ६२ टक्के टरफल व टाकाऊ दाणा असा आकडा दिला आहे. आबांचा ३६ टक्के त्याच्या जवळपासच आला. पण हा आकडा पाठ करून त्यावर सौदा करू नये. जात, पाणी आणि सर्वात जास्त म्हणजे तोडणीची वेळ यावर तो हलतो.

शेंग हिरवीगार आणि फुगलेली दिसते, पण दाबून बघितली की आत पोकळी लागते, ही लवकर झालेली तोड. टरफल पूर्ण वाढलेले असते, दाणा मात्र भरायचा असतो. अशा शेंगेला उतारा तिशीच्या आसपासच राहतो. दाणे एकमेकांना टेकले, पण टरफल अजून चकचकीत आहे, ही बरोबर वेळ. त्यापुढे चार दिवस थांबलो तर उतारा आणखी वाढतो, चाळिशीच्या पुढे जातो. मग थांबावे का? नाही. कारण वजन वाढते तशी गोडी जाते. दाण्यातली साखर पिठात बदलते आणि साल जाड होते. टरफलाची चमक जाऊन वर जाळीदार शिरा दिसू लागल्या की समजावे, दाणा पिठाळला. असा दाणा गोठवणारा घेत नाही, घेतला तर दर पाडून. उसाला आपण पक्व होण्याची वाट बघतो, वाटाण्याचे उलटे आहे. तो पक्व व्हायच्या आधी तोडायचा असतो. हे एकदा मनात बसले की वजनाच्या लोभाने तोड लांबवण्याची चूक होत नाही.

आणखी एक. दवात भिजलेली शेंग वजनाला घातली तर वरचे पाणीही काट्यावर चढते आणि उतारा कमी दिसतो. उलट शेंग दुपारभर उन्हात गोणीत राहिली तर टरफल सुकून वजन घटते. आपण शेंग विकणार असू तर ही घट आपल्या खिशातून जाते. म्हणून नमुना दव उडाल्यावर घ्यावा आणि माल सावलीत ठेवावा.

मका : कणीस की दाणा?

आता मधुमक्याकडे, म्हणजे बाजारात ज्याला स्वीट कॉर्न म्हणतात त्याकडे वळू. उसात मक्याचे आंतरपीक घ्या असे आम्ही सांगत नाही. मका उंच जातो, अन्न ओढतो आणि उसाला दाबतो. पण खोडवा मोडून रिकाम्या झालेल्या तुकड्यात बरेच सभासद तो घेतात, आणि तिथेही हाच प्रश्न येतो. मक्याचा सौदा तीन प्रकारे होतो: पाल्यासकट कणीस, सोललेले कणीस आणि नुसता दाणा.

त्याच तक्त्याप्रमाणे पाल्यासकट १ किलो कणीस घेतले तर पाला, केस आणि छाटलेले टोक मिळून ३५० ग्रॅम जातात. सोललेले कणीस ६५० ग्रॅम उरते. त्यातले बुरकुंड २९० ग्रॅम आणि दाणा ३६० ग्रॅम. म्हणजे पाल्यासकट कणसाला दाण्याचा उतारा ३६ टक्के आणि सोललेल्या कणसाला साधारण ५५ टक्के. समजा पाल्यासकट कणसाला किलोला १२ रुपये मिळतात. तर सोललेल्या कणसाला १८ रुपये ४६ पैसे आणि दाण्याला ३३ रुपये ३३ पैसे मिळाले म्हणजे भाव नुसता बरोबरीला आला. सोलणावळ, कापणावळ त्याच्या वर. सुरीने दाणा कापताना थोडा भाग बुरकुंडालाच चिकटून राहतो, म्हणून हातकामात उतारा याहूनही खाली येतो. इथेही नमुना काढूनच बघावे.

मक्याच्या बाबतीत वेळ वाटाण्याहून जास्त नडते. मधुमक्याच्या साध्या जातींवरच्या प्रयोगांत असे दिसले आहे की तोडलेले कणीस ३० अंश सेल्सिअस उष्णतेत एक दिवस राहिले तर त्यातली निम्म्याहून जास्त साखर पिठात बदलते. बर्फाइतक्या थंडीत ठेवले तर एका दिवसात फारच थोडी घटते. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की साखर घटते हे आपल्याला माहीत आहे. मक्याची तऱ्हा तीच, फक्त घाई जास्त. काट्यावर वजन तेवढेच दिसते, पण गोडी गेलेली असते. म्हणून तोड पहाटे करावी आणि माल ऊन चढायच्या आत पोचवावा.

घेवडा : इथे हिशेब उलटा

श्रावण घेवडा, ज्याला शहरात फरसबी म्हणतात, त्याची शेंग सालीसकट खाल्ली जाते. देठ, टोके आणि शिरा काढल्या की १ किलोतले ८८० ग्रॅम उरतात. म्हणजे उतारा ८८ टक्के. इथे कापलेल्या घेवड्याचा भाव अख्ख्या घेवड्याच्या सव्वापट जरी मिळाला तरी बरोबरी होऊन वर थोडे उरते. वाटाण्याला मात्र पावणेतीनपटही बरोबरीला जेमतेम पुरते. 'दाण्याला तिप्पट, तर घेवड्यालाही तिप्पट हवे' असे कोणी म्हणत असेल तर त्याला उतारा कळलेला नाही.

घेवड्यात नुकसान उताऱ्याने होत नाही, नापास मालाने होते. शेंग मोडली की कट्‌ असा आवाज यायला हवा. वाकली आणि मोडली नाही, किंवा मोडल्यावर दोरा निघाला, तर ती जून झाली. आत बी फुगून शेंगेवर गाठी दिसत असतील तर गोठवणारा ती परत पाठवतो. जून शेंग वजनाला जड भरते, पण परतीच्या गाडीचे भाडे आपल्यालाच पडते.

पाकीट आणि डबा

आता हाच हिशेब विकत घेणाऱ्याच्या बाजूने बघू, कारण आपल्या घरी लग्नकार्याला, सणावाराला गोठवलेल्या मटारची पाकिटे येऊ लागली आहेत. महिला सभासदांनी आम्हाला विचारले होते की पाकीट महाग पडते की स्वस्त?

गोठवलेल्या वाटाण्याचा दाणा उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे धरून लगेच थंड पाण्यात टाकतात, निथळतात आणि गोठवतात. यात त्याचे वजन फारसे बदलत नाही. म्हणून गोठवलेला १ किलो म्हणजे साधारण सोललेला १ किलो, असे धरून चालावे. ३६ टक्क्यांच्या उताऱ्याने एवढ्या दाण्याला २ किलो ७८० ग्रॅम शेंग लागते. समजा अर्ध्या किलोचे पाकीट ७५ रुपयांना आहे, म्हणजे किलोला १५० रुपये. १५० ला ०.३६ ने गुणले की ५४ येतात. बाजारात शेंग ५४ रुपयांच्या खाली असेल तर शेंग स्वस्त, वर गेली की पाकीट स्वस्त. त्यात सोलण्याची मेहनत वेगळीच वाचते. हिवाळ्यात शेंग घ्यावी आणि उन्हाळ्यात पाकीट, हे बहुधा याच हिशेबातून निघते.

पाकीट घेताना ते हलवून बघावे. दाणे आत सुटे खुळखुळले तर चांगले. सगळ्याचा एकच गोळा झाला असेल तर मधे कुठेतरी ते वितळून पुन्हा गोठले आहे असे समजावे. त्याची गोडी आणि साल दोन्ही गेलेली असते. आत बर्फाचा चुरा जास्त असेल तर तोही आपण मटारच्याच भावाने घेतो. शंका आली तर पाकीट चाळणीत रिकामे करावे, बर्फ वितळू द्यावा, पाणी निथळले की वजन करावे. छापलेल्या वजनात बर्फ धरायचा नसतो.

डब्याचे गणित निराळे आहे. डबाबंद वाटाणा मिठाच्या पाण्यात असतो आणि वर छापलेल्या निव्वळ वजनात ते पाणीही येते. म्हणून डब्यावर 'निथळलेले वजन' वेगळे छापलेले आहे का ते शोधावे. समजा निव्वळ वजन ८५० ग्रॅम आहे आणि निथळलेले ४८० ग्रॅम. तर हा डबा ८५० ग्रॅमच्या पाकिटाची बरोबरी करत नाही, अर्ध्या किलोच्या पाकिटाचीही जेमतेम करतो. घरी तपासायचे तर डबा चाळणीत ओतावा, चाळणी थोडी तिरकी धरून दोन मिनिटे निथळू द्यावी आणि मग वजन करावे. मका आणि घेवड्याच्या डब्यालाही हीच रीत.

डब्यात आणखी एक फरक असतो. काही डबे ताज्या हिरव्या वाटाण्याचे नसून वाळलेला वाटाणा भिजवून भरलेले असतात. वाळलेला १ किलो वाटाणा भिजला की साधारण दुप्पट भरतो, म्हणजे त्यात निम्मे पाणीच असते. तो खायला वाईट नाही, उसळीला चांगलाच. पण ताज्या दाण्याच्या भावाने तो घेऊ नये. डब्यावरची बारीक अक्षरे वाचली की कळते. चवीलाही कळते, गोडी नसते आणि पिठूळ लागतो.

शेवटी पुन्हा एकदा

पाठ करायचे ते एवढेच. १ किलो दाण्याला वाटाण्याची शेंग सुमारे पावणेतीन किलो लागते, मक्याचे पाल्यासकट कणीसही तेवढेच लागते, आणि १ किलो चिरलेल्या घेवड्याला अख्खा घेवडा १ किलो १४० ग्रॅमच्या आसपास लागतो. हे आकडे अंदाजाला आहेत. सौदा करताना आपल्या रानातला नमुना काढावा. दाण्याच्या भावाला उताऱ्याने गुणावे, सोलणावळ वजा करावी, आणि मगच तो शेंगेच्या भावाशेजारी ठेवावा.

नमुना प्रत्येक तोडीला नव्याने काढावा. आबांच्या रानात आम्ही तिसऱ्या तोडीच्या वेळी पुन्हा गेलो होतो. त्या वेळी खालच्या शेंगा संपून शेंड्याच्या शेंगा राहिल्या होत्या. दहा किलोला चांगला दाणा ३ किलो १०० ग्रॅमच भरला. पहिल्या तोडीच्या ३६ टक्क्यांवर तेव्हा सौदा केला असता तर पुन्हा चूक झाली असती. आम्ही जायच्या आधीच आबांनी नमुना सोलून ठेवला होता. काट्यावरचा आकडा त्यांनी उसाच्या पावतीच्या मागेच लिहिला होता. म्हणाले, "साहेब, आता 'निम्मा तरी' म्हणायचं सोडलं."